एका लाइन लिस्टमधून तीन आकडे: अधिशयन काळ, सिरियल इंटरव्हल आणि आर कसे काढायचे

पहिल्या वर्षाला असताना मी साथरोगशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकात अधिशयन काळाच्या जागी सिरियल इंटरव्हल काढून ठेवला होता. गणित बरोबर होतं, तारखा मात्र चुकीच्या वजा केल्या होत्या. व्याख्या दोन्हींच्या पाठ होत्या, पण समोर तक्ता आला की कोणत्या रकान्यातून कोणता रकाना वजा करायचा हे काही सुचेना. म्हणून हा लेख व्याख्यांपासून नाही, तक्त्यापासून सुरू करतो. नऊ रुग्णांची एक छोटी यादी घेऊ आणि तिच्यातूनच तिन्ही आकडे काढू. यादी काल्पनिक आहे, पण खऱ्या याद्यांमध्ये येणाऱ्या बहुतेक अडचणी मी तिच्यात मुद्दाम ठेवल्या आहेत.

काय लागेल

- रुग्णांची लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण
- प्रत्येक रुग्णाला लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख (नमुना घेतल्याची किंवा अहवालाची नव्हे)
- संपर्काची तारीख. एक दिवस माहीत नसेल तर कधीपासून कधीपर्यंत
- कोणाला कोणापासून लागण झाली असावी याची नोंद
- यादी कोणत्या दिवशी बंद केली ती तारीख (ही सगळ्यात जास्त विसरली जाते)
- कागद-पेन्सिल किंवा साधी स्प्रेडशीट

## १. आधी घटना ओळखा, मग वजाबाकी करा

एका माणसाच्या आजारात आपल्या कामाच्या दोन घटना असतात: लागण झाली तो दिवस आणि लक्षणं दिसू लागली तो दिवस. पहिली घटना कुणाला दिसत नाही, ती संपर्काच्या तारखेवरून ताडावी लागते. दुसरी रुग्णाला आठवते, निदान आठवायला हवी.

आता दोन माणसं घ्या. एकाने आजार दिला, दुसऱ्याने घेतला. आपण त्यांना 'देणारा' आणि 'घेणारा' म्हणू.

अधिशयन काळ, ज्याला बोलताना सगळे इन्क्युबेशन पिरियड म्हणतात, तो एकाच माणसाचा असतो: घेणाऱ्याला लागण झाल्यापासून त्याच घेणाऱ्याला लक्षणं येईपर्यंतचे दिवस. सिरियल इंटरव्हल दोन माणसांमधला असतो: देणाऱ्याला लक्षणं आल्यापासून घेणाऱ्याला लक्षणं येईपर्यंत. आर हे तर दिवसांचं मापच नाही. ती मोजणी आहे: एका देणाऱ्यामागे सरासरी किती घेणारे.

माझी चूक इथेच होती. मी दोन्ही ठिकाणी लक्षणांच्या तारखा वापरल्या होत्या. वजाबाकी करण्याआधी एकच प्रश्न विचारा: या दोन तारखा एकाच माणसाच्या आहेत की दोन माणसांच्या?

## २. यादी मांडा

एका वसतिगृहात तापाची साथ आली आहे. सगळ्या तारखा मार्च महिन्यातल्या आहेत. यादी १८ मार्चला संध्याकाळी बंद केली.

| रुग्ण | कोणापासून | संपर्क कधी | लक्षणं सुरू |
|---|---|---|---|
| १ | बाहेरून | अनिश्चित | ३ |
| २ | १ | ४ | ८ |
| ३ | १ | २ ते ५ | ९ |
| ४ | १ | २ | ७ |
| ५ | २ | ९ | १५ |
| ६ | २ | ७ | १० |
| ७ | ४ | ६ ते ८ | १२ |
| ८ | ६ | ११ | १६ |
| ९ | ७ किंवा ५ | ७ शी १३ ला, ५ शी १४ ला | १७ |

रुग्ण २ आणि रुग्ण १ फक्त ४ तारखेला एकत्र जेवले, म्हणून तिथे एकच दिवस आहे. रुग्ण ३ हा रुग्ण १ च्या खोलीत राहणारा, म्हणून त्याच्यासमोर चार दिवसांची खिडकी आहे. रुग्ण ९ दोघांनाही भेटला होता आणि नक्की कोणापासून लागण झाली हे त्याला सांगता येत नाही. खऱ्या यादीत अशा ओळी अपवाद नसतात, बऱ्याचदा त्याच जास्त असतात.

स्प्रेडशीटमध्ये भरताना संपर्काच्या रकान्यात एकच तारीख ठेवा. खिडकी असेल तर तिची सुरुवात आणि शेवट वेगळ्या दोन रकान्यांत लिहा, नाहीतर वजाबाकी चालणार नाही. A मध्ये रुग्ण क्रमांक, B मध्ये देणाऱ्याचा क्रमांक, C मध्ये संपर्क आणि D मध्ये लक्षणं असं धरलं, तर रुग्ण २ च्या ओळीत ही दोन सूत्रं येतील. पहिलं अधिशयन काळाचं, दुसरं सिरियल इंटरव्हलचं:

```
=D3-C3
=D3-VLOOKUP(B3,$A$2:$D$10,4,FALSE)
```

पहिल्या सूत्रात दोन्ही तारखा एकाच ओळीतल्या आहेत. दुसऱ्यात देणाऱ्याची तारीख शोधायला दुसऱ्या ओळीत जावं लागतं. दोन मापांतला फरक या सूत्रांइतका स्वच्छ मला कुठल्याच व्याख्येत दिसला नाही.

सापळा: तारखेची मांडणी. संगणक आधी महिना आणि मग दिवस वाचणारा असेल, तर `04/03` टंकल्यावर तो मुकाट्याने ३ एप्रिल समजतो आणि `08/03` म्हणजे ३ ऑगस्ट. रुग्ण २ चा अधिशयन काळ मग ४ ऐवजी १२२ दिवस निघतो. एवढा मोठा आकडा डोळ्यांत भरतो, पण दोन-तीनशे ओळींच्या सरासरीत तो दडून जाऊ शकतो. ओळखायची खूण अशी: `15/03` ही तारीख अशा संगणकाला कळतच नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती साधा मजकूर म्हणून पडून राहते आणि रकान्यात डावीकडे चिकटते, बाकीच्या तारखा उजवीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की थांबा. डावीकडच्या तर चुकल्या आहेतच, पण उजवीकडच्याही बिघडलेल्या असतात.

## ३. अधिशयन काळ काढा

ज्यांच्या संपर्काचा एकच दिवस ठाऊक आहे ते आधी घ्या: रुग्ण २, ४, ५, ६ आणि ८. त्यांचे अधिशयन काळ अनुक्रमे ४, ५, ६, ३ आणि ५ दिवस. बेरीज २३, सरासरी ४.६ दिवस.

खिडकी असलेल्यांचं काय करायचं? रुग्ण ३ ला लागण २ तारखेला झाली असेल तर अधिशयन काळ ७ दिवस, ५ तारखेला झाली असेल तर ४ दिवस. म्हणजे त्याचं उत्तर '४ ते ७' एवढंच आहे. रुग्ण ७ चं '४ ते ६'. रुग्ण ९ चं '३ ते ४', मग लागण कोणापासूनही झालेली असो. हातानं करायचं असेल तर खिडकीचा मध्य धरा: ५.५, ५ आणि ३.५. आठही जणांची सरासरी ४.६ च्या आसपासच येते. संशोधनात मध्य धरत नाहीत. पूर्ण खिडकी गणितात घेऊन त्यावर वितरण बसवतात. कारण मध्य धरला की आकड्यांतला खरा विस्तार लपतो आणि आपल्याला उगाच जास्त खात्री वाटू लागते.

सरासरी काढून झाल्यावर बहुतेक विद्यार्थी थांबतात. अधिशयन काळाचा खरा उपयोग मात्र सरासरीत नसून शेपटीत असतो. संपर्कातल्या माणसाला किती दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवायचं हे ठरवताना सरासरी ४.६ वर निर्णय घेतला, तर साधारण निम्म्या लोकांना लक्षणं यायच्या आधीच घरी पाठवलं असं होईल. कोविड-१९ च्या सुरुवातीच्या विषाणूच्या अधिशयन काळाचा मध्यक सुमारे ५ दिवसांचा होता, तरी क्वारंटाइन १४ दिवसांचं ठेवलं गेलं, कारण लक्षणं येणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांना ती बारा दिवसांच्या आत दिसत होती आणि वर थोडी सवड हवी होती. इबोलाच्या संपर्कातल्यांवर २१ दिवस लक्ष ठेवतात ते याच हिशेबाने. इबोलाची साथ संपली असं जाहीर करायला त्याच्या दुप्पट, म्हणजे ४२ दिवस नवा रुग्ण नसावा लागतो.

ही शेपूट उजवीकडे लांब असते. १९५० मध्ये सार्टवेल यांनी अनेक आजारांच्या नोंदी तपासून दाखवलं की अधिशयन काळ साधारणपणे लॉग-नॉर्मल वितरण पाळतो: बहुतेकांना लवकर लक्षणं येतात, मोजक्यांना फार उशिरा. म्हणून अहवालात सरासरीसोबत मध्यक आणि ९५ टक्क्यांची सीमा द्यायची पद्धत आहे. आपल्या आठ जणांवरून ती सीमा काढणं म्हणजे हवेत बाण मारणं होईल, तेव्हा इथे ती काढत नाही.

सापळा: लक्षण म्हणजे नेमकं कोणतं? गोवरात लागणीपासून ताप येईपर्यंत साधारण १० दिवस लागतात, पुरळ उठेपर्यंत साधारण १४. दोन्ही आकडे 'गोवराचा अधिशयन काळ' म्हणून छापलेले आढळतील आणि दोन्ही बरोबर असतील. तुमच्या यादीत पहिलं लक्षण कशाला म्हटलं आहे ते तक्त्याच्या वरच लिहून ठेवा.

सापळा: लेटंट पिरियड. लागण झाल्यापासून माणूस इतरांना आजार देऊ लागेपर्यंतचा काळ म्हणजे लेटंट पिरियड, मराठी पुस्तकांत सुप्त काळ. तो आणि अधिशयन काळ एकच असावेत असं काही नाही. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या सुमारे ४ दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो, म्हणजे त्याचा लेटंट पिरियड आधी संपलेला असतो. आपल्या यादीत लेटंट पिरियड थेट मोजता येणार नाही, पण त्याची सावली पाचव्या पायरीत दिसेल.

## ४. सिरियल इंटरव्हल काढा

आता जोड्या करा. रुग्ण १ ला लक्षणं ३ तारखेला आली, रुग्ण २ ला ८ ला, अंतर ५. त्याच पद्धतीने १ ते ३ मध्ये ६, १ ते ४ मध्ये ४, २ ते ५ मध्ये ७, २ ते ६ मध्ये २, ४ ते ७ मध्ये ५ आणि ६ ते ८ मध्ये ६. सात जोड्या, बेरीज ३५, सरासरी ५ दिवस.

रुग्ण ९ बाजूला ठेवला आहे. त्याला आजार रुग्ण ७ ने दिला असेल तर अंतर ५, रुग्ण ५ ने दिला असेल तर २. पहिलं धरलं तर आठ जोड्यांची सरासरी ५ च राहते, दुसरं धरलं तर ४.६ होते. दोन्ही करून पाहा आणि दोन्ही लिहा. 'जास्त शक्य वाटतं' म्हणून मनातल्या मनात एक निवडलंत, तर वाचणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

आता यादी बंद केल्याची तारीख कशाला हवी ते पाहू. समजा हाच तक्ता आपण १८ ऐवजी १२ मार्चला बंद केला असता. तेव्हा रुग्ण ५, ८ आणि ९ आजारी पडलेच नव्हते. हातात पाच जोड्या उरतात: ५, ६, ४, २ आणि ५. सरासरी ४.४. आजार तोच, माणसं तीच, आणि अंतर अर्ध्या दिवसाहून जास्त आक्रसलं. कारण साधं आहे: लांब अंतरं पूर्ण व्हायला वेळ लागतो. साथ वाढत असताना नुकतेच आजारी पडलेले देणारे जास्त असतात, आणि त्यांच्या फक्त झटपट झालेल्या जोड्याच तोवर दिसलेल्या असतात. याला राइट ट्रंकेशन म्हणतात. वाढत्या साथीत काढलेला सिरियल इंटरव्हल जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा छोटा असतो, आणि यादी बंद केल्याची तारीख दिली नसेल तर किती छोटा हे कुणालाच सांगता येत नाही.

उलट्या बाजूचा धोकाही आहे. साथीच्या अगदी सुरुवातीला मोजक्याच जोड्या सापडतात. कोविडच्या पहिल्या अभ्यासांपैकी एकात अवघ्या ६ जोड्यांवरून सिरियल इंटरव्हल सरासरी ७.५ दिवस निघाला होता. पुढे शेकडो जोड्या मिळाल्यावर तो ४ ते ५ दिवसांवर आला. पहिल्या अभ्यासकांचं गणित चुकलं नव्हतं. सहा जोड्यांना जेवढं सांगता येतं तेवढंच त्यांनी सांगितलं. या फरकाचा आरवर काय परिणाम होतो ते सातव्या पायरीत पाहू.

सापळा: ऋण अंतर. कधीकधी घेणाऱ्याला देणाऱ्याच्या आधी लक्षणं येतात. देणारा लक्षणांआधी संसर्ग पसरवत असेल आणि घेणाऱ्याचा अधिशयन काळ छोटा असेल, तर उत्तर उणे दोन किंवा उणे तीनही येऊ शकतं. नवखा माणूस ते 'टंकलेखनातली चूक' म्हणून खोडतो किंवा देणारा-घेणारा उलटे करतो. आधी तारखा तपासा, संपर्काची नोंद पुन्हा वाचा. बरोबर असेल तर उणे चिन्ह तसंच ठेवा. अधिशयन काळ मात्र कधीच ऋण असू शकत नाही. तो ऋण आला तर चूक तुमची आहे.

## ५. दोन्ही शेजारी ठेवा

या पायरीवर मला सगळ्यात जास्त वेळ घालवावासा वाटतो, कारण दोन कोरडे आकडे इथे एक गोष्ट सांगायला लागतात.

सिरियल इंटरव्हल दोन तुकड्यांचा बनलेला असतो. पहिला तुकडा: देणाऱ्याला लक्षणं आल्यापासून त्याने आजार दिला तोपर्यंतचा. दुसरा तुकडा: घेणाऱ्याचा अधिशयन काळ. रुग्ण २ चं उदाहरण घ्या. रुग्ण १ ला ३ तारखेला लक्षणं आली, त्याने ४ ला आजार दिला, म्हणजे पहिला तुकडा १ दिवस. रुग्ण २ चा अधिशयन काळ ४. एक अधिक चार, पाच. तेच त्यांचं सिरियल इंटरव्हल.

आता रुग्ण ४ पाहा. तो रुग्ण १ ला २ तारखेलाच भेटला, रुग्ण १ ला लक्षणं यायच्या आदल्या दिवशी. पहिला तुकडा उणे १, अधिशयन काळ ५, बेरीज ४. रुग्ण ६ चंही तसंच: उणे १ अधिक ३ म्हणजे २.

पक्क्या तारखा असलेल्या पाच जोड्यांत पहिला तुकडा अनुक्रमे १, उणे १, १, उणे १ आणि १ आहे, सरासरी ०.२ दिवस. त्याच पाच जोड्यांचं सिरियल इंटरव्हल सरासरी ४.८, अधिशयन काळ ४.६, फरक तोच, ०.२. हिशेब जुळला.

याचा अर्थ काय? सरासरी सिरियल इंटरव्हल अधिशयन काळाहून बराच मोठा असेल, तर माणसं मुख्यतः लक्षणं आल्यानंतर आजार देतात. दोन्ही जवळजवळ सारखे असतील किंवा सिरियल इंटरव्हल छोटा असेल, तर बराच प्रसार लक्षणांआधी होतो आहे. आपल्या पाच जोड्यांपैकी दोन तशाच आहेत. अशा वसतिगृहात 'ताप आला की वेगळ्या खोलीत जा' एवढ्या नियमाने साखळी तुटणार नाही, कारण ताप येईपर्यंत काहींनी आजार देऊन टाकलेला असतो. तिथे संपर्कातल्यांना लक्षणांची वाट न पाहता वेगळं ठेवावं लागेल.

२००३ चा सार्स आणि २०२० चा कोविड यांच्यातला मोठा फरक इथेच होता. सार्सचा अधिशयन काळ साधारण ५ दिवसांचा, पण सिंगापूरच्या रुग्णांवरून काढलेलं सिरियल इंटरव्हल ८ दिवसांहून जास्त. रुग्ण आजारी पडून काही दिवस झाल्यावर, बऱ्याचदा रुग्णालयात असताना, जास्त संसर्ग पसरवत. म्हणून लक्षणं दिसताच विलगीकरण करणं लागू पडलं आणि सुमारे ८,००० रुग्णांनंतर ५ जुलै २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसाराच्या साखळ्या तुटल्याचं जाहीर केलं. कोविडचा अधिशयन काळ त्याच्याच आसपासचा होता, पण सिरियल इंटरव्हल ४ ते ५ दिवस. तीच पद्धत तिथे अपुरी पडली.

एक सावधगिरी हवी. सरासऱ्यांच्या तुलनेवरून 'लक्षणांआधी प्रसार होत नाही' असा निष्कर्ष काढू नका. आपल्या उदाहरणात सिरियल इंटरव्हलची सरासरी अधिशयन काळाहून किंचित मोठीच आहे, तरी पाचपैकी दोघांना आजार लक्षणांआधी दिला गेला. सरासरी दोन्ही बाजूंना एकत्र करून टाकते. शक्य असेल तिथे एकेक जोडी बघावी.

## ६. आर मोजा, आणि पहिलं उत्तर फेकून द्या

आर मोजणं सोपं वाटतं. कोणी किती जणांना आजार दिला ते लिहा: रुग्ण १ ने तिघांना, २ ने दोघांना, ३ ने कोणालाच नाही, ४ ने एकाला, ६ ने एकाला आणि रुग्ण ९ ला ५ किंवा ७ पैकी एकाने. एकूण ८ घेणारे, ९ रुग्ण. भागाकार ०.८९. एकापेक्षा कमी, म्हणजे साथ ओसरते आहे?

नाही. एका रुग्णापासून सुरू झालेल्या कोणत्याही साखळीत पहिला सोडून प्रत्येक जण कोणाचा तरी घेणारा असतो. म्हणून घेणाऱ्यांची संख्या रुग्णांपेक्षा नेहमी बरोबर एकने कमी असते. १०० रुग्ण असतील तर ९९ भागिले १००, १०,००० असतील तर ९,९९९ भागिले १०,०००. साथ कितीही भडकलेली असो, असा काढलेला आकडा एकापेक्षा कमीच येणार. भागाकार बिनचूक असतो, पण तो साथीबद्दल काहीच सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत मला दिसलेली ही सगळ्यात फसवी चूक, कारण उत्तर 'वाजवी' दिसतं.

बरोबर पद्धत अशी: ज्या रुग्णांना आजार द्यायला पुरेसा वेळ मिळून गेला आहे, तेवढेच छेदात घ्या. आपल्या यादीतलं सगळ्यात लांब सिरियल इंटरव्हल ७ दिवस आहे. यादी १८ ला बंद झाली, त्यामुळे ज्यांची लक्षणं ११ तारखेपर्यंत सुरू झाली त्यांचे घेणारे आतापर्यंत दिसायला हवेत. ते रुग्ण १, २, ३, ४ आणि ६. त्यांनी एकूण ३, २, ०, १ आणि १, म्हणजे ७ जणांना आजार दिला. ७ भागिले ५, आर १.४.

हे ७ दिवसही आपल्याच अर्धवट यादीतून आलेले आहेत, तेव्हा त्या आजाराचा आधी अभ्यास झालेला असेल तर लांब अंतराचा आकडा तिथून घेणं चांगलं. शिवाय रुग्ण १ मुळे आकडा फुगतो. त्याने निदान एकाला तरी आजार दिला म्हणूनच ही साथ आपल्या नजरेत आली. बाहेरून आलेल्या ज्यांनी कोणालाच दिला नाही, त्यांच्या याद्या कधी बनतच नाहीत. त्याला वगळलं तर ४ जणांनी ४ जणांना आजार दिला, आर १.०. पाच माणसांतलं एक काढल्यावर आकडा इतका हलतो, यावरूनच त्यावर किती भार टाकायचा ते कळतं.

हा आर कोणता? हा आर-नॉट नव्हे. आर-नॉट म्हणजे कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या आणि कोणतीही खबरदारी न घेतलेल्या लोकसंख्येतला आकडा. वसतिगृहात काहींना आधी आजार होऊन गेला असेल, आणि पहिला ताप कळल्यावर मुलं एकमेकांपासून लांब राहू लागली असतील. आपण काढला तो प्रत्यक्षातला, म्हणजे परिणामी आर. गोवराचा आर-नॉट १२ ते १८ असा पुस्तकांत असतो. १५ धरला आणि लोकसंख्येतल्या दहापैकी नऊ जणांना प्रतिकारशक्ती असली, तर परिणामी आर १५ गुणिले ०.१ म्हणजे १.५ उरतो. आकडा दहापटीने उतरला, तरी एकाच्या वरच. आर-नॉट विषाणूच्या अंगावर गोंदलेला नसतो. लोक किती आणि कसे भेटतात तेही त्यात मुरलेलं असतं.

## ७. आरला दिवस जोडा

आर १.४ म्हणजे साथ किती वेगाने वाढते? नुसत्या आरवरून सांगताच येणार नाही. एक पिढी दुसरीत जायला किती दिवस लागतात तेही हवं, आणि ते सिरियल इंटरव्हल सांगतं. ढोबळ हिशेबासाठी हे सूत्र पुरेसं आहे; T म्हणजे सिरियल इंटरव्हल, D म्हणजे रुग्णसंख्या दुप्पट व्हायला लागणारे दिवस:

```
D = T * ln(2) / ln(R)
R = 2^(T/D)
```

आपल्या वसतिगृहात T ५ आणि R १.४, म्हणून D साधारण १० दिवस.

आता इबोला आणि इन्फ्लुएन्झा शेजारी ठेवा. २०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत सुरुवातीचा आर साधारण १.७ ते २ आणि सिरियल इंटरव्हल सुमारे १५ दिवस होतं. इन्फ्लुएन्झाचा आर १.५ आणि सिरियल इंटरव्हल ३ दिवस धरू. इबोलाला १.८ धरलं तर दुप्पट व्हायला जवळपास १८ दिवस लागतात, इन्फ्लुएन्झाला ५. आर इबोलाचा मोठा, पण धाव इन्फ्लुएन्झाची. 'ज्याचा आर मोठा तो जास्त वेगाने पसरतो' हे वाक्य कुठे दिसलं तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

दुसरं सूत्र उलट्या बाजूने कामाला येतं. बऱ्याचदा कोणी कोणाला आजार दिला ही माहिती नसते, फक्त रोजची रुग्णसंख्या असते. ती दर ७ दिवसांनी दुप्पट होते आहे असं समजा. सिरियल इंटरव्हल ७.५ दिवस धरलं तर R साधारण २.१ येतो, ४.५ धरलं तर १.६. रुग्णांचा आलेख तोच, पण सिरियल इंटरव्हल बदलल्यावर आर बदलला. म्हणून कुणी आर सांगितला की त्यांनी सिरियल इंटरव्हल किती धरलं ते विचारा. `EpiEstim` सारखी साधनंसुद्धा ते तुमच्याकडूनच मागून घेतात. चुकीचं दिलंत तर सुबक आलेखासह चुकीचा आर परत देतात.

हे सूत्र सगळ्या जोड्यांचं अंतर एकसारखं धरतं. प्रत्यक्षात ते २ पासून ७ पर्यंत पसरलेलं होतं. हा पसारा गणितात घेतला की वाढत्या साथीसाठी आर थोडा कमी येतो. काटेकोर बोलायचं तर इथे लक्षणांमधलं नाही, लागणींमधलं अंतर हवं, ज्याला जनरेशन टाइम म्हणतात. ते दिसत नाही म्हणून त्याच्या जागी सिरियल इंटरव्हल वापरतात.

## ८. उत्तर असं लिहा

आपल्या वसतिगृहाचा अहवाल मी असा लिहीन: "यादी १८ मार्चला बंद केली. एकूण ९ रुग्ण. अधिशयन काळ सरासरी ४.६ दिवस (संपर्काचा एकच दिवस ज्ञात असलेले ५ रुग्ण, ३ ते ६ दिवस). सिरियल इंटरव्हल सरासरी ५ दिवस (७ जोड्या, २ ते ७ दिवस; रुग्ण ९ चा देणारा अनिश्चित, त्याला रुग्ण ५ धरल्यास सरासरी ४.६). ११ मार्चपर्यंत लक्षणं सुरू झालेल्या ५ रुग्णांवरून परिणामी आर १.४, रुग्ण १ वगळल्यास १.०. पक्क्या तारखांच्या ५ जोड्यांपैकी २ मध्ये संसर्ग देणाऱ्याच्या लक्षणांआधी झाला. लक्षणं नसलेल्यांची तपासणी केलेली नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. लक्षणं न येता ज्यांना लागण झाली ते या यादीत नाहीत, त्यामुळे खरा आर १.४ हून जास्तही असू शकतो.